‘नंबर एक’च्या पॅकेजला उत्तर

“मॅडम, तुमचं पार्लर गूगलवर नंबर एकला आणून देतो.” हे वाक्य आज जवळजवळ प्रत्येक पार्लरवालीनं फोनवर ऐकलेलं असतं. त्यामागे एक ठरलेलं पॅकेज असतं. पार्लरच्या नावापुढे ‘बेस्ट ब्रायडल मेकअप, हेअर स्पा, पुणे’ असे शब्द जोडायचे, कुठूनतरी पाच तारेवाले पन्नास रिव्ह्यू आणायचे, परदेशी मॉडेलचे चकचकीत फोटो चढवायचे आणि महिन्याच्या शेवटी पैसे घ्यायचे. विकणारे याचं समर्थनही करतात. सगळेच असं करतात, खरी माहिती भरून कुणी वर येत नाही, लहान धंद्याला साजूकपणा परवडत नाही, असं त्यांचं म्हणणं. या युक्तिवादाचा धंद्याच्या हिशेबानंच प्रतिवाद करायला हवा. नीतीचा मुद्दा क्षणभर बाजूला ठेवला, तरी हे पॅकेज गल्लीतल्या पार्लरच्या नुकसानीचंच आहे.

आधी ‘नंबर एक’ म्हणजे काय ते पाहू. नकाशावरच्या शोधात कोणाला वर दाखवायचं, याचे तीन मुख्य निकष गूगलनं स्वतःच सांगितले आहेत. शोधलेल्या गोष्टीशी तुमचं काम किती जुळतं, शोधणाऱ्यापासून तुम्ही किती लांब आहात आणि तुम्ही किती परिचित आहात. पैसे देऊन हा क्रम बदलता येत नाही, हेही त्यांनी स्पष्ट लिहिलं आहे. पैसे देऊन जाहिरात दाखवता येते. पण तिच्यावर ती जाहिरात असल्याची खूण असते आणि पैसे थांबले की तीही थांबते.

यातला दुसरा निकष नीट लक्षात घ्या. अंतर शोधणाऱ्याच्या जागेवरून मोजलं जातं. कर्वेनगरमधल्या एका चौकात उभं राहून ‘ब्युटी पार्लर’ शोधणाऱ्या मुलीला एक यादी दिसते, अर्धा किलोमीटर पुढे वारज्याकडे गेलेल्या तिच्या मैत्रिणीला दुसरी. तेव्हा ‘नंबर एक’ हा शब्द जागा सांगितल्याशिवाय निरर्थक आहे. तरीही विकणारा पार्लरमध्येच बसून मोबाईल पुढे करतो आणि म्हणतो, बघा, आलात की नाही पहिल्या! येणारच. त्या क्षणी शोधणारा आणि पार्लर यांच्यातलं अंतर शून्य असतं. ही चाचणी घ्यायची असेल, तर पार्लरला कधीही फोन न केलेल्या कुणाचा तरी मोबाईल घ्यावा आणि पार्लरपासून दहा-पंधरा मिनिटं चालत लांब जाऊन तिथून शोधावं. तेही एका ठिकाणाहून नव्हे, वेगवेगळ्या दिशांच्या तीन-चार ठिकाणांहून.

अंतराला इतकं वजन असेल, तर गल्लीतल्या पार्लरचं कार्यक्षेत्र आपोआप ठरतं. थ्रेडिंगसाठी कुणी हडपसरहून कर्वेनगरला येत नाही. ज्या बाईला आज संध्याकाळी सहाच्या आत आयब्रो करून हव्या आहेत, ती चालत किंवा स्कूटीवर पोचता येईल अशी चार पार्लरं पडद्यावर बघते आणि त्यांतलं एक निवडते. तुम्ही त्या चौघांत बहुधा असताच, कारण तुम्ही जवळ आहात. मग खरा प्रश्न उरतो तो निवडीचा. तिनं चौघांतून तुम्हाला का निवडावं, आणि निवडल्यावर ती दारापर्यंत पोचेल का? पॅकेजवाला याबद्दल अवाक्षर काढत नाही.

आता नावाची युक्ती. नावात शोधशब्द घातले तर काही शोधांत नोंद वर सरकते, हे खरं आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. शेजारच्या पार्लरनं असं केलं आणि त्यांच्यावर कसलीच कारवाई झाली नाही, हेही घडतं. पण नियम असा आहे की नकाशावरचं नाव प्रत्यक्ष वापरात असलेलं, पाटीवर आणि कागदपत्रांत दिसणारं नावच असलं पाहिजे. हा नियम कधी लागू होईल ते तुमच्या हातात नसतं. कुणीही ग्राहक किंवा स्पर्धक नोंदीवरचा ‘बदल सुचवा’ हा पर्याय दाबून नाव दुरुस्त करायला सांगू शकतो. कधी नाव नुसतंच बदललं जातं, कधी संपूर्ण नोंद स्थगित होते. स्थगित झालेलं पार्लर नकाशावर दिसेनासं होतं. ते परत मिळवण्यासाठी अपील करावं लागतं. त्यात पुरावे जोडायला मोजका वेळ मिळतो आणि शॉप अ‍ॅक्टची पावती, वीजबिल, उद्यम नोंदणी अशा कागदांवरचं नाव नोंदीशी जुळावं लागतं. ‘बेस्ट ब्रायडल मेकअप पुणे’ हे शब्द यांतल्या कुठल्या कागदावर सापडणार? हे सगळं ऐन लग्नसराईत झालं, तर वर्षाची निम्मी कमाई ज्या महिन्यांवर अवलंबून आहे तेच हातचे जातात. लांबच्या शोधात चार लोकांना जास्त दिसण्यासाठी जवळच्या सगळ्यांना दिसेनासं होण्याचा धोका पत्करणं, हा कसला व्यवहार?

नोंद पडताळण्याची पद्धतही आता खोट्या नावाच्या विरोधातच जाते. बऱ्याच धंद्यांना सलग चित्रित केलेला व्हिडिओ पाठवावा लागतो. आजूबाजूचा रस्ता, दुकानावरची पाटी, आतली खुर्ची-आरसा-सामान, आणि दुकान आपणच चालवतो हे दाखवणारी एखादी कृती, जसं की स्वतःच्या किल्लीनं कुलूप उघडणं. पाटीवर एक आणि अर्जात भलतंच, असं असेल तर पडताळणी तिथेच अडते.

मग नावात शब्द न घुसडता गूगलला कसं कळणार, की इथे केस कापतात आणि नवरीचा मेकअपही होतो? त्यासाठी वर्गवारी आहे. एक मुख्य वर्ग आणि त्याशिवाय नऊपर्यंत जादा वर्ग, हे सगळे तयार यादीतून निवडायचे असतात. यातला मुख्य वर्ग सगळ्यांत महत्त्वाचा आणि तोच सर्वांत निष्काळजीपणे भरला जातो. माझ्या ओळखीच्या एका पार्लरवाल्या ताईंची नोंद त्यांच्या भाच्यानं घाईत करून दिली होती आणि मुख्य वर्ग म्हणून ‘हेअर सलून’ निवडलं होतं. ताईंचं रोजचं काम थ्रेडिंग, वॅक्सिंग, क्लीनअप आणि फेशियल. केस कापणं आठवड्यातून दोनदा. परिणामी ‘हेअरकट किती?’ असे पुरुषांचे फोन यायचे आणि फेशियलसाठी शोधणाऱ्या बायकांना पलीकडच्या गल्लीतलं पार्लर दिसायचं. मुख्य वर्ग ‘ब्युटी सलून’ केला, ‘हेअर सलून’ जादा वर्गात टाकलं, आणि सेवांच्या यादीत एकेक काम दरासह लिहिलं. दर लिहायला ताई आधी तयार नव्हत्या. दर पाहून लोक पळतील असं त्यांना वाटायचं. पण दर पाहून जी पळणार ती फोनवर दर विचारूनही पळणारच होती. फरक इतकाच, की आता तिच्याशी बोलण्यासाठी वॅक्सचा हात पुसून फोन घ्यावा लागत नाही.

दुसरी दुरुस्ती पिनची. ताईंचं पार्लर सोसायटीच्या पहिल्या मजल्यावर, जिना पुढच्या रस्त्यानं. पत्ता बरोबर होता. पण पिन इमारतीच्या मागच्या अंगाला पडली होती, त्यामुळे नकाशा लोकांना मागच्या गल्लीत न्यायचा. तिथे कंपाउंडची भिंत आहे, फाटक नाही. तिथून काही बायका फोन करायच्या, बाकीच्या फोन न करताच परत जायच्या. अशा परत गेलेल्या ग्राहकाची नोंद कुठल्याच वहीत होत नाही, म्हणून ही चूक वर्षानुवर्षं तशीच राहू शकते. ती शोधायची पद्धत साधी आहे. एखाद्या परक्या माणसाला रिक्षा स्टँडवर उभं करा, त्याच्या मोबाईलवर रस्ता लावा आणि वाटेत काही न सांगता तो कुठे पोचतो ते पाहा. चुकला, तर नोंद दुरुस्त करताना पिन ओढून बरोबर जिन्याच्या तोंडाशी आणा. नुसत्या अधिकृत पत्त्यावरून जागा सापडत नसेल, तिथे जवळची खूण पत्त्यात घालायला नियमांची आडकाठी नाही. आपल्याकडच्या गल्ल्यांमध्ये ‘मारुती मंदिरासमोर’ हे शब्द सर्व्हे नंबरपेक्षा जास्त उपयोगी पडतात. घरच्या घरी, पाटी न लावता काम करणाऱ्या किंवा ग्राहकाच्या घरी जाणाऱ्या बायकांनी मात्र पत्ता लपवून फक्त सेवेचा परिसर दाखवावा. नियमही तसा आहे आणि घराचा पत्ता अनोळखी माणसांपुढे उघडा पडत नाही, हा फायदा वेगळाच.

तिसरी दुरुस्ती वेळेची. नोंदीत ‘सकाळी 10 ते रात्री 9’ असं लिहिलेलं. प्रत्यक्षात ताई दुपारी दीडला घरी जातात आणि चारला परत येतात. एका दिवसाच्या दोन वेगळ्या वेळा भरायची सोय नोंदीत आहे, ती वापरली. सोमवारची सुट्टी भरली. गणपती, दिवाळी, घरातलं कार्य अशा दिवसांसाठी खास वेळा वेगळ्या भरता येतात, त्या भरायचं ठरवलं. कारण ‘उघडं आहे’ हे वाचून उन्हातून आलेल्या बाईला कुलूप दिसलं, तर ती फक्त परत जात नाही. घरी जाऊन एक तारा देते आणि लिहिते, ‘कायम बंद असतं.’ असे पुष्कळसे वाईट रिव्ह्यू कामाबद्दल नसतातच, ते चुकीच्या माहितीबद्दल असतात. ते टाळायला पन्नास खोटे रिव्ह्यू लागत नाहीत, दोन ओळी नीट भराव्या लागतात.

फोटोंचंही असंच. पॅकेजमधले फोटो सुंदर असतात हे मान्य, पण त्यांतलं पार्लर तुमचं नसतं. संगमरवरी फरशी आणि सोनेरी खुर्च्या पाहून आलेली बाई तुमच्या स्वच्छ, साध्या, दोन खुर्च्यांच्या खोलीत पाय ठेवते तेव्हा फसवणूक झाल्याच्या भावनेनंच ठेवते. खोली चांगली असूनही ती आता कमी वाटते. गूगलचे नियमही हेच सांगतात, की फोटो प्रत्यक्षाशी जुळणारा, स्पष्ट, पुरेशा उजेडातला असावा आणि त्यावर फिल्टरचा मारा नसावा.

खरा फोटो कोणता, तर पाहणाऱ्याच्या मनातल्या शंकेचं उत्तर देणारा. पहिल्यांदाच येणाऱ्या बाईला तीन गोष्टी जाणून घ्यायच्या असतात. जागा कशी ओळखायची, आत स्वच्छता आणि आडोसा आहे का, आणि इथलं काम मला आवडेल का. पहिल्या शंकेसाठी रस्त्यावरून, लोक ज्या दिशेनं येतात त्या दिशेनं काढलेला इमारतीचा फोटो हवा, पाटी आणि जिना दिसणारा. एक दिवसाचा, एक दिवे लागल्यानंतरचा. दुसरीसाठी खुर्ची, बेसिन, वॅक्सिंगच्या जागेचा पडदा, धुतलेले टॉवेल. तिसरीसाठी स्वतः केलेलं काम, म्हणजे केसांचा रंग मागून, मेकअप, मेहंदीचे हात. मोबाईलचा कॅमेरा यासाठी पुरतो. सकाळच्या उजेडात, भिंग पुसून फोटो काढला की झालं. 720 बाय 720 पिक्सेलचा आकार शिफारस केलेला आहे आणि आजचा कुठलाही फोन त्याहून मोठा फोटो काढतो.

इथे एक अट मात्र सोडता येणार नाही. ग्राहकाचा चेहरा दिसत असेल, तर तिची परवानगी घेतलीच पाहिजे. “फोटो काढू का?” एवढं विचारणं पुरेसं नाही, “नकाशावर टाकू का, सगळ्यांना दिसेल” असं विचारायला हवं. बाई खुर्चीत, केस ओले, समोर आपणच उभ्या, अशा वेळी ती संकोचानं हो म्हणते. म्हणून काम झाल्यावर, फोटो तिला दाखवून विचारावं. नाही म्हणाली तर विषय तिथेच संपवावा.

आता रिव्ह्यूंकडे येतो, कारण पॅकेजचं सगळं आकर्षण तिथेच आहे. विकत घेतलेल्या पन्नास रिव्ह्यूंविरुद्ध पहिला आक्षेप असा की ते ओळखू येतात. एकाच आठवड्यात आलेले, ‘नाईस सर्व्हिस, गुड स्टाफ’ एवढंच लिहिणारे, आणि लिहिणाऱ्याच्या नावावर टिचकी मारली तर त्यानं त्याच दिवशी जयपूरच्या दंतवैद्याला आणि कोईमतूरच्या टायरच्या दुकानालाही पाच तारे दिलेले. हे ग्राहकाला कळतं, तसं यंत्रणेलाही कळतं. दुसरा आक्षेप परिणामांचा. बनावट रिव्ह्यू सापडले, तर गूगल ते काढतंच. शिवाय काही काळ नवे रिव्ह्यू घेणं बंद करू शकतं, जुने झाकू शकतं आणि ‘इथले बनावट रिव्ह्यू काढले आहेत’ अशी सूचना नोंदीवर लावू शकतं. वर्षानुवर्षं ज्यांच्या आयब्रो केल्या त्यांचे खरे शब्दही त्यात झाकले जातात.

“पण मी विकत घेत नाही, फक्त पाच तारे दिले तर पुढच्या थ्रेडिंगवर सूट देते,” असं काही जणी म्हणतात. हेही नियमाबाहेरच आहे. रिव्ह्यूच्या बदल्यात सूट, भेट, फुकट सेवा यांतलं काहीच देता येत नाही. तसंच आधी तोंडी विचारायचं, “आवडलं का?” आणि हो म्हणणाऱ्यांनाच लिंक पाठवायची, ही चाळणीही मना आहे. मागायचं असेल तर सगळ्यांकडे मागायचं. यावर विकणारा हसून म्हणेल, मग एक तारेवाली येऊन रेटिंग पाडून गेली तर?

या भीतीचा हिशेब मांडून पाहू. एखाद्या पार्लरला आठ रिव्ह्यू आहेत, आठही पाच ताऱ्यांचे. एक बाई एक तारा देते. सरासरी पाचावरून थेट 4.6 वर येते. दुसऱ्या पार्लरला साठ रिव्ह्यू आहेत, सरासरी 4.8. तिथे तीच बाई एक तारा देते आणि सरासरी 4.7 होते. एका तक्रारीचा धक्का पचवायची ताकद रिव्ह्यूंच्या संख्येत असते आणि ही संख्या सगळ्यांकडे सातत्यानं मागण्यातूनच वाढते. चाळणी लावणारी पार्लरवाली घाबरून कमी जणींना विचारते, म्हणून तिची संख्या लहान राहते, म्हणून ती आणखी घाबरते. शिवाय वाचणाऱ्यालाही निव्वळ पाचाची रांग खरी वाटत नाही.

मागण्याची पद्धतही अवघड नाही. नोंदीच्या ‘रिव्ह्यू मागा’ या पर्यायातून एक लिंक आणि क्यूआर कोड मिळतो. कोड छापून आरशाजवळ लावता येतो. पण दुकानातच, समोर उभं राहून लिहून घेऊ नये. त्यात दडपण येतं आणि शब्द पोकळ उतरतात. त्याच संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक पाठवावी आणि सोबत एक नेमका प्रश्न विचारावा. “आज क्लीनअप कसं वाटलं, दोन ओळी लिहाल का? जे वाटलं ते लिहा.” ताईंनी असं सुरू केल्यावर आलेले शब्दच वेगळे होते. कुणी लिहिलं की वॅक्स गरम नव्हतं, कुणी लिहिलं की वेळ दिली तेव्हाच घेतलं, कुणी लिहिलं की त्वचा नाजूक आहे हे सांगितल्यावर आधी हातावर लावून पाहिलं. हे तिसरं वाक्य नाजूक त्वचेच्या दुसऱ्या बाईला जे सांगून जातं, ते शंभर पाच ताऱ्यांना सांगता येत नाही. शिवाय त्यात सेवांची नावं आपोआप येतात. नावात जे शब्द चोरून घुसडायचे होते, तेच शब्द इथे ग्राहकाच्या तोंडून, हक्कानं येतात.

वाईट रिव्ह्यू आला तर? तो नुसता आवडला नाही म्हणून काढून टाकता येत नाही. शिवीगाळ, कधीच न आलेल्या माणसाचं लिखाण, स्पर्धकाचा डाव असा नियमभंग असेल, तरच त्याची तक्रार करावी. बाकी ठिकाणी उत्तर द्यावं, आणि ते चिडलेल्या बाईसाठी नव्हे, पुढे वाचणाऱ्या अनोळखी बाईसाठी लिहावं. “तुम्ही 20 मिनिटं थांबलात, ते व्हायला नको होतं. शनिवारी आता वेळ घेऊनच काम करतो. पुन्हा आलात तर मला आवडेल.” इतकं पुरे. ‘तुमच्या चेहऱ्यावर आधीच पुरळ होतं’ असं उत्तर मुद्द्याला धरून असलं तरी देऊ नये. ग्राहकाच्या शरीराबद्दल चारचौघांत लिहिणाऱ्या पार्लरमध्ये दुसरी कुणीच येणार नाही.

शेवटचा आणि सगळ्यांत गंभीर आक्षेप मालकीचा. पॅकेजवाला बऱ्याचदा नोंद स्वतःच्या ईमेलनं उघडतो. पैसे थांबले की पासवर्ड मिळत नाही आणि पार्लर त्या बाईचं, पण त्याची नकाशावरची ओळख भलत्याच्या हातात, असं होऊन बसतं. यातून वाट आहे. नोंदीवरून मालकी मागण्याचा अर्ज करता येतो, सध्याच्या मालकाला उत्तरासाठी तीन दिवस मिळतात, तो गप्प राहिला तर पडताळणी करून हक्क सांगण्याचा मार्ग बहुधा खुला होतो. पण तिथपर्यंत जाऊच नये. मुख्य मालक स्वतःच्याच ईमेलनं व्हावं, आणि मदतनीस हवाच असेल तर त्याला ‘व्यवस्थापक’ एवढाच अधिकार द्यावा. तो कधीही काढून घेता येतो.

कुणाची मदत घेऊच नये, असं मी म्हणत नाही. ज्यांना वेळ नाही त्यांनी पैसे देऊन हे काम जरूर करून घ्यावं. पण पैसे कशाचे, हे आपण ठरवावं. ‘नंबर एक’ या शब्दाला एक रुपयाही देऊ नये. पिन तपासून देणं, वेळा आणि दर भरणं, खऱ्या जागेचे फोटो काढणं, रिव्ह्यूंना उत्तरं लिहायला मदत करणं, या मेहनतीचे पैसे द्यावेत. आणि काम झालं की नाही हे रेटिंगवर मोजू नये. नोंदीच्या कामगिरीच्या पानावर किती फोन आले आणि किती जणांनी रस्ता विचारला हे दिसतं. तेवढ्यावरही थांबू नये. प्रत्येक नव्या बाईला “कुठून कळलं?” हे विचारून अपॉइंटमेंटच्या वहीत एका अक्षरात टिपावं. तीन महिन्यांनी ती अक्षरं मोजली की कुणाच्याही आश्वासनावर विसंबायची गरज उरत नाही. हा हिशेब पॅकेजवाला कधीच दाखवत नाही, आणि पार्लरवालीनं सगळ्यांत आधी तोच मागितला पाहिजे.